लाल शेपूट आणि तीन गुन्हेगार

पुण्यात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या माझ्या भाच्याच्या गेममध्ये तीन गोष्टी बिघडल्या होत्या. रात्रीच्या दृश्यात पुढची गाडी वळली की तिच्या मागच्या दिव्यांचा लाल रंग रस्त्यावर लांबच लांब शेपटासारखा ओढला जाई. मान झटकन वळवली की कोपऱ्यातला गोळ्यांचा आकडा फेसाळल्यासारखा विरघळे. आणि वीसेक मिनिटं खेळलं की गेम न सांगता बंद होऊन डेस्कटॉप समोर येई. “मामा, ग्राफिक्स कार्डच गेलंय,” असं त्याचं निदान होतं. ड्रायव्हर पुन्हा टाकून झाला होता, विंडोज पुन्हा टाकायची तयारी चालली होती.

कार्ड धडधाकट होतं. त्याने गेमच्या मेनूत फ्रेमरेट वाढवणारं जे जे दिसलं ते सगळं एकदम चालू केलं होतं, आणि तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी होती. हल्ली अशा तक्रारींत हेच वारंवार दिसतं, म्हणून आधी या सोयी करतात काय ते पाहू.

अपस्केलिंग म्हणजे कार्डाने चित्र लहान आकारात काढायचं आणि मग ते मोठं करून पडद्यावर दाखवायचं. भाच्याचा पडदा २५६० बाय १४४० ठिपक्यांचा. ‘क्वालिटी’ निवडलं तर कार्ड प्रत्यक्षात १७०७ बाय ९६० एवढंच चित्र काढतं, म्हणजे निम्म्याहून कमी ठिपके. ‘परफॉर्मन्स’ निवडलं तर १२८० बाय ७२०, म्हणजे फक्त पाव. उरलेले ठिपके येतात मागच्या फ्रेममधून. एनव्हिडियाचं डीएलएसएस दुसऱ्या आवृत्तीपासून, एएमडीचं एफएसआर दुसऱ्या आवृत्तीपासून आणि इंटेलचं एक्सईएसएस, तिघांचा मूळ विचार एकच आहे: आधीच्या फ्रेममध्ये जे दिसलं ते जपून ठेवायचं आणि वस्तू जिथे सरकली असेल तिथे नेऊन बसवायचं. कोणती वस्तू कुठे सरकली, हे गेम दर फ्रेमला सांगतो. पण पाऊस, धूर, काच, ओल्या रस्त्यावरचं प्रतिबिंब यांच्या हालचालीची नोंद गेम अनेकदा देत नाही किंवा चुकीची देतो. मग जुना रंग जुन्याच जागी रेंगाळतो. लाल शेपूट असं उगवतं.

फ्रेम जनरेशनचं काम निराळं. डीएलएसएस ३ मधून ते २०२२ साली आलं, एफएसआर ३ मधून २०२३ साली. दोन खऱ्या फ्रेम घ्यायच्या आणि त्यांच्या मधली एक कल्पनेने रचायची. सेकंदाला साठ खऱ्या फ्रेम असतील तर पडद्यावर एकशेवीसच्या आसपास दिसतात. त्यासाठी तयार झालेली खरी फ्रेम थोडी अडवून धरावी लागते, म्हणून माऊस किंचित जड वाटतो. मुळात तिसेक फ्रेमच निघत असतील तर ही सोय चालू करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन खऱ्या फ्रेममधलं अंतर एवढं मोठं असतं की मधली फ्रेम रचताना अंदाज चुकतोच.

आता दोष कोणाचा हे ओळखायची युक्ती. रचलेली फ्रेम एकाआड एक येते. त्यामुळे दोष एकाआड एक फ्रेममध्ये असेल तर तो फ्रेम जनरेशनचा. सगळ्या फ्रेममध्ये असेल तर तो अपस्केलिंगचा किंवा गेमचाच. डोळ्याला हा फरक कळत नाही, स्क्रीनशॉटवरही भरवसा ठेवता येत नाही, कारण काही साधनं फक्त खरी फ्रेमच टिपतात. पण बऱ्याच फोनमध्ये सेकंदाला २४० चित्रं घेणारं स्लो मोशन असतं. पडदा १२० हर्ट्झवर ठेवायचा, फोन टेकवून स्थिर करायचा आणि दोष दिसतो तेवढाच प्रसंग टिपायचा. पडद्यावरचं प्रत्येक चित्र फोनमध्ये साधारण दोनदा येतं. मग व्हिडिओ एकेक पाऊल पुढे सरकवत पाहायचा. भाच्याच्या व्हिडिओत गोळ्यांचा आकडा एकदा फाटका, एकदा स्वच्छ, पुन्हा फाटका असा दिसत होता. लाल शेपूट मात्र एकाही फ्रेममधून हटत नव्हतं. दोन तक्रारी तिथेच वेगळ्या झाल्या.

पुढचं काम वायरमन करतो तसं. एमसीबी पडला की तो आधी सगळे स्विच बंद करतो आणि मग एकेक चालू करत जातो. इथे सगळं बंद करायचं म्हणजे गेमच्या मेनूतलं अपस्केलिंग आणि फ्रेम जनरेशन तर बंद करायचंच, पण जे मेनूत दिसत नाही तेही. लोक नेमके इथे चुकतात. ड्रायव्हरच्या ॲपमध्येही अशाच सोयी असतात: एएमडीकडे फ्लुइड मोशन फ्रेम्स आणि रेडिऑन सुपर रेझोल्यूशन, एनव्हिडियाकडे स्मूथ मोशन आणि गेममधल्या डीएलएसएसची आवृत्ती परस्पर बदलणारी सेटिंग. एएमडीच्या हायपर-आरएक्समध्ये तर एका बटणाने बऱ्याच गोष्टी एकत्र चालू होतात. त्यात स्टीमचं ओव्हरले, डिस्कॉर्डचं ओव्हरले, फ्रेमरेट दाखवणारं रिव्हाट्यूनर. तयार फ्रेम पडद्याकडे जाते त्या वाटेवर फ्रेम जनरेशनही बसतं आणि हे ओव्हरलेही. त्या गर्दीत गेम कोसळू शकतो.

कार्डाचा वेग हाताने वाढवला असेल किंवा व्होल्टेज कमी केलं असेल, तर तेही मूळ स्थितीत आणायचं. कोणी गेमच्या फोल्डरमध्ये डीएलएसएसची नवी फाइल टाकली असेल, तर स्टीममधून फायलींची तपासणी करून घ्यायची. ही तपासणी बदललेली फाइल पूर्ववत करते, पण मॉडने आगंतुकपणे आणून ठेवलेली dxgi.dll किंवा winmm.dll तशीच राहू देते. ती आपणच काढायची.

एवढं सगळं बंद करूनही दोष राहिला तर अपस्केलिंग निर्दोष आहे, शोध दुसरीकडे वळवायचा. दोष गेला तर एकेक सोय परत चालू करायची. दर बदलानंतर गेम पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचा, कारण फ्रेम जनरेशन मेनूतून बंद केलं तरी काही गेममध्ये ते नव्याने सुरू केल्यावरच खऱ्या अर्थाने सुटतं. आणि पाहायची जागा तीच हवी: तोच सेव्ह, तोच रस्ता, तीच रात्र. सायबरपंक २०७७ सारख्या गेममध्ये मेनूतच बेंचमार्क आहे. तो दरवेळी त्याच वाटेने जातो, त्याचा उपयोग करावा.

भाच्याकडे आकड्याचा गुन्हेगार पटकन सापडला. गेमचं फ्रेम जनरेशन एकटं चालू केलं, आकडा स्वच्छ. ड्रायव्हरमधलं चालू केलं, आकडा विरघळला. एका बटणाने ते केव्हाच चालू झालेलं होतं, त्याला पत्ताही नव्हता. कारण सरळ आहे. गेममधल्या फ्रेम जनरेशनला आकडे आणि नकाशे वेगळे हाताळायची सोय असते. ड्रायव्हरला मिळतं शिजून तयार झालेलं चित्र. त्यात गाडी कोणती आणि आकडा कोणता हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून तो आकडाही हलवू पाहतो.

लाल शेपटाचं प्रकरण इतकं नीट मिटलं नाही. ‘परफॉर्मन्स’वर ते लांब होतं, ‘क्वालिटी’वर आखूड झालं आणि अपस्केलिंग पूर्ण बंद करून गेमचं साधं टीएए ठेवलं तरी पुसटसं उरलंच. टीएएसुद्धा मागच्या फ्रेमचाच आधार घेतं. म्हणजे मूळ खोट गेमने दिलेल्या हालचालीच्या नोंदीत होती, अपस्केलिंगने ती फुगवली होती. वापरणाऱ्याच्या हाती यावर इलाज नाही. ‘क्वालिटी’ ठेवायचं, दुसरं अपस्केलर उपलब्ध असेल तर ते करून पाहायचं आणि गेमच्या पुढच्या पॅचची वाट पाहायची.

गेम बंद पडण्याचा शोध सर्वांत चिवट, कारण तिथे ‘आता बरं चाललंय’ यावर विश्वास ठेवता येत नाही. गेम सरासरी वीस मिनिटांनी अवचित कोसळत असेल, तर काहीही दुरुस्त न करता तो वीस मिनिटं सुरळीत चालण्याची शक्यता तिनात एकाहून थोडी जास्तच असते. तासभर चालला तर ती वीसात एकवर येते. म्हणून दर बदलानंतर नेहमीच्या वेळेच्या तिप्पट तरी खेळावं. विंडोजची नोंदवही उघडायला विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून हे टाइप करायचं:

```
perfmon /rel
```

कोणत्या दिवशी काय कोसळलं ते तिथे लाल खुणांनी दिसतं. Event Viewer मधल्या System च्या नोंदींत ४१०१ हा क्रमांक असेल, तर ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं होतं आणि विंडोजने त्याला पुन्हा उभं केलं, असा अर्थ होतो. ही मुदत मुळात दोन सेकंदांची असते.

भाच्याचा गेम फ्रेम जनरेशन बंद ठेवल्यावर तासाहून जास्त चालला, चालू केल्यावर पुन्हा कोसळला. इथे फ्रेम जनरेशनवर आरोप ठेवून मोकळं होण्याचा मोह होतो. पण त्या सोयीला स्वतःसाठी कार्डाची मेमरी लागते, आणि त्याच्या कार्डावर होती आठ जीबी. टास्क मॅनेजरमध्ये कार्डाची मेमरी काठोकाठ भरलेली दिसत होती. फ्रेम जनरेशन चालूच ठेवून टेक्श्चरची पातळी एक पायरी उतरवली आणि गेम पुन्हा तासाहून जास्त चालला. अपराध मेमरीचा होता.

याच धर्तीची आणखी एक फसगत माहीत असावी. अपस्केलिंगमुळे फ्रेमरेट वाढतो आणि प्रोसेसरला दर सेकंदाला जास्त काम पडतं. रॅम किंवा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून डळमळीत झाला असेल, तर गेम अपस्केलिंग चालू केल्यावरच कोसळतो. पडताळायचं असेल तर अपस्केलिंग बंद करून गेमचं रेझोल्यूशनच १२८० बाय ७२० करावं. फ्रेमरेट तसाच वर जातो. तरीही गेम कोसळला, तर अपस्केलिंगचा त्यात काही हात नाही.

एवढ्यावरही दोष गेमचाच ठरला, तर गेम बनवणाऱ्यांकडे तक्रार जरूर पाठवा. मात्र ‘गेम क्रॅश होतो’ एवढंच लिहू नका. कार्डाचं नाव, ड्रायव्हरची आवृत्ती, गेमची आवृत्ती, पडद्याचं रेझोल्यूशन, कोणती एक सोय चालू केली की दोष येतो आणि बंद केली की जातो, आणि तो गेममधल्या कोणत्या जागी दिसतो, हे लिहा. जमलं तर फोनवरचा तो स्लो मोशन व्हिडिओही जोडा.