शितावरून भाताची परीक्षा

सोलापुरातल्या विडी कामगार स्त्रियांच्या आठवणी मी काही वर्षांपासून मुद्रित करून यूट्यूबवर ठेवतो. माझे चॅनेल लहान आहे. एखादी मुलाखत दोनशे-अडीचशे वेळा पाहिली गेली तरी समाधान वाटते. गेल्या वर्षी आकडेवारीच्या पानावर दिसले, की एका मुलाखतीच्या प्रेक्षकांत स्त्रिया अवघ्या १५ टक्के. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्याच पाहत नसतील तर मालिका थांबवावी, असे मनात आले. थांबवण्याआधी तो आकडा नेमका कोणाचा, हे तपासले.

प्रेक्षकांचे वय आणि लिंग यूट्यूब सांगते ते लॉग-इन केलेल्यांवरून. लॉग-इन न करता पाहणारा एकूण व्ह्यूजमध्ये धरला जातो, पण या टक्केवारीत नाही.

हिशेब मांडून पाहू. समजा, २४० व्ह्यूजपैकी ६० लॉग-इन केलेल्यांचे आहेत आणि त्यांत ९ स्त्रियांचे. झाले १५ टक्के. साठाच्या नमुन्यात निव्वळ योगायोगानेच हा आकडा नऊएक टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. म्हणजे तो ६ ते २४ मध्ये कुठेही असेल. ही पहिली चूक. नमुना वाढला की ती कमी होते, म्हणून एका आठवड्याऐवजी वर्षभराचे आकडे पाहावेत.

दुसरी चूक अशी वाढीने जात नाही. उरलेल्या १८० व्ह्यूजपैकी निम्मे स्त्रियांचे असतील, तर एकूण ९९ होतात, म्हणजे ४१ टक्के. शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात नीट ढवळलेला असेल तरच. लॉग-इन करणारे आणि न करणारे मुळात वेगळे लोक असतील, तर कितीही शिते चेपली तरी तळाचा भात कळत नाही. १९३६ साली अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ला २० लाखांहून अधिक लोकांनी मतपत्रिका भरून पाठवल्या; त्यावरून लँडन जिंकणार असे भाकीत झाले, आणि निवडून आले रूझवेल्ट. उत्तरे भरपूर होती, पण ती सगळ्या मतदारांची प्रतिनिधी नव्हती.

शेवटी मी वस्तीत जाऊन बसलो. दुपारी विड्या वळताना चौघीजणी एकाच मोबाइलवर मुलाखत पाहत होत्या. मोबाइल एकीच्या मुलाचा, खातेही त्याचेच. पडद्याच्या हिशेबी तो एक व्ह्यू होता, आणि तोही तरुण पुरुषाचा.

एका दुपारवरून मी नवी टक्केवारी काढणार नाही; तसे केले तर तीच चूक पुन्हा होईल. पण त्या १५ टक्क्यांच्या भरवशावर मालिका बंद करण्याचा विचार मात्र सोडून दिला. पुढची मुलाखत त्या चौघींपैकीच एकीची घेतली.