बॅटरी लोहाची घ्यावी की निकेलची?

इलेक्ट्रिक गाडी घ्यायला शोरूममध्ये गेलेला माणूस रेंज विचारतो, किंमत विचारतो, वॉरंटी विचारतो. बॅटरी कोणत्या रसायनाची आहे, हे मात्र क्वचितच विचारतो. खरं तर गाडी रोज ऐंशी टक्क्यांवर थांबवायची की शंभरपर्यंत भरायची, हे त्या उत्तरावर ठरतं.

आपल्याकडच्या गाड्यांत मुख्यतः दोन प्रकार दिसतात. टाटा नेक्सॉन किंवा महिंद्राची बीई ६ यांच्यात लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी असते. ह्युंदाईच्या क्रेटा इलेक्ट्रिकमध्ये निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट यांची एनएमसी असते. एलएफपीत महाग निकेल आणि कोबाल्ट नसल्यामुळे ती साधारण वीस ते तीस टक्क्यांनी स्वस्त पडते. तिच्यातला ऑक्सिजन फॉस्फेटमध्ये घट्ट बांधलेला असतो, म्हणून ती तापून पेट घेण्याचा धोकाही कमी. पण तेवढ्याच वजनात निकेलच्या बॅटरीत जास्त वीज मावते, त्यामुळे लांब रेंजच्या किंवा वजनाला हलक्या गाडीसाठी उत्पादक अजूनही निकेलकडे वळतात.

आयुष्याच्या बाबतीत जाहिरातींत फेऱ्यांचा, म्हणजे पूर्ण चार्ज-डिस्चार्जचा आकडा मिरवला जातो. एलएफपी दोन-तीन हजार फेऱ्या सहज काढते, एनएमसीच्या साधारण हजार ते दीड हजार होतात. हे ऐकून अनेकांचा निर्णय तिथेच होतो. पण हिशेब करून पाहा. समजा, ठाण्यातलं एक कुटुंब वर्षाला १४,००० किलोमीटर गाडी चालवतं आणि गाडी एका चार्जवर खरोखर ३०० किलोमीटर जाते. वर्षाला ४७ फेऱ्या झाल्या, दहा वर्षांत ४७०. म्हणजे निकेलच्या बॅटरीचीही निम्मी मर्यादा गाठली जात नाही. रोज २०० किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीचं गणित वेगळं. वर्षाला ३०० दिवस धरले तर तिच्या २०० फेऱ्या होतात आणि पाच वर्षांत हजार. अशा गाडीला एलएफपीच हवी, यात मला शंका वाटत नाही.

घरच्या गाडीची बॅटरी झिजते ती मुख्यतः उभ्या-उभ्या. उष्णता आणि भरलेली अवस्था एकत्र आली की आतली रासायनिक झीज वाढते. निकेलचा सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टच्या आसपास जातो आणि त्या दाबाखाली आतला द्राव हळूहळू बिघडतो. विदर्भातल्या मे महिन्यात शंभर टक्के भरलेली गाडी उन्हात दिवसभर उभी ठेवणं त्या बॅटरीला सगळ्यात महाग पडतं. म्हणून निकेलची गाडी रोजच्या वापरात ऐंशीवर थांबवावी आणि लांबच्या प्रवासाला निघण्याच्या थोडं आधी पूर्ण भरावी.

एलएफपीचा सेल ३.६५ व्होल्टलाच भरतो, त्यामुळे तिला हा ताण कमी असतो. शिवाय तिची आणखी एक अडचण आहे. मधल्या मोठ्या टप्प्यात तिचा व्होल्टेज जवळपास सपाट राहतो. सिलिंडरमधला गॅस संपत आला तरी शेगडीची ज्योत जशी बराच वेळ तशीच राहते, तसंच हे. मग किती शिल्लक आहे, हे गाडीच्या संगणकाला व्होल्टेजवरून नीट कळत नाही. तो आत-बाहेर गेलेली वीज मोजत अंदाज बांधतो आणि चुका साचत जातात. पंधरा टक्के दाखवत असताना आकडा अचानक पाचवर घसरला, तर हे झालं असण्याचा संभव मोठा. त्यावर उपाय म्हणजे घरच्या मंद चार्जरवर शंभरपर्यंत भरणं आणि चार्जर स्वतःहून थांबेपर्यंत तसंच राहू देणं. टेस्ला आपल्या एलएफपी गाड्यांना आठवड्यातून एकदा शंभर टक्के भरायला सांगते, ते याचसाठी. याचा अर्थ रोज शंभर भरलंच पाहिजे असा नाही. भरलेल्या अवस्थेत उष्णतेने झीज तिचीही होते, फक्त हळू.

थंडीत पारडं फिरतं. शून्याखाली एलएफपी चार्ज व्हायला बराच वेळ घेते. पुण्या-नागपूरला हे जाणवणार नाही, पण टोरांटोत राहणाऱ्या मराठी कुटुंबाने बॅटरी आधी गरम करण्याची सोय गाडीत आहे का, ते पाहूनच घ्यावी.

एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या प्रकारांत रसायन बदलू शकतं. म्हणून नेमक्या प्रकारासाठीचं उत्तर विक्रेत्याकडून लेखी मागा आणि मालकाच्या पुस्तिकेतला चार्जिंगचा भाग तिथेच उघडून वाचा. महिनाभर गावी जायचं असेल, तर दोन्ही प्रकारच्या गाड्या निम्म्या भरून सावलीत ठेवाव्यात. एलएफपीची असेल, तर परतल्यावर एकदा पूर्ण चार्ज करून मगच आकड्यावर विसंबावं.