रात्र काळी का?

तारे अगणित, मग रात्र काळी कशी? जर्मन खगोलज्ञ हेन्रिक ओल्बर्स यांनी १८२३ मध्ये हा जुना पेच मांडला. दुप्पट अंतरावरचा तारा चौपट मंद दिसतो, पण तेवढ्याच जाडीच्या त्या थरात तारेही चौपट असतात. म्हणजे प्रत्येक थराचा उजेड सारखाच! थर अनंत असतील, तर सगळे आकाश सूर्यासारखे तळपायला हवे. वाटेतली धूळ प्रकाश अडवते, हे ओल्बर्स यांचे उत्तर मात्र लंगडे होते. ती धूळही तापून तितकीच चमकली असती. खरे कारण विश्वाच्या वयात आहे. ते सुमारे १३८० कोटी वर्षांचे असल्याने फार दूरचा प्रकाश अजून पोहोचलेलाच नाही. आरंभीच्या तप्त विश्वाची आभा चहूकडून येते खरी, पण प्रसरणाने ताणली जाऊन तिचे मायक्रोवेव्ह झाले आहेत आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत.