फक्त शुक्रवारची सिगारेट

‘मी काही सिगारेट पिणारा नाही, मित्रांबरोबर कधीतरी एखादी होते,’ असं म्हणणारी बरीच माणसं तुमच्या-माझ्या ओळखीची असतात. घरी कुणाला पत्ता नसतो. खिशात पाकीट नसतं, टपरीवरून एक सुट्टी घ्यायची, चहाबरोबर ओढायची, वर बडीशेप चघळायची. आठवड्याला चार-पाच. दिवसाला वीस ओढणाऱ्याच्या तुलनेत हे काहीच नाही, तेव्हा धोकाही तेवढाच किरकोळ असणार, असा हिशेब मनात असतो. फुप्फुसाच्या कॅन्सरपुरता तो थोडाफार खरा आहे, कारण तिथे किती ओढल्या आणि किती वर्षं ओढल्या यावर बरंच अवलंबून असतं. हृदयाच्या बाबतीत मात्र हा हिशेब साफ चुकतो.

२०१८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १४१ अभ्यासांची एकत्र छाननी प्रसिद्ध झाली. तिचा निष्कर्ष सोप्या आकड्यांत मांडायचा तर असा : समजा, सिगारेट न ओढणाऱ्या शंभर पुरुषांपैकी काही वर्षांत दहा जणांना हृदयविकार होतो. तेच शंभर जण दिवसाला वीस सिगारेटी ओढत असतील, तर साधारण वीस जणांना होईल. आणि रोज फक्त एक ओढणारे असतील तर? विसाव्या हिश्शाने धोका वाढायचा, तर दहाचे जेमतेम साडेदहा व्हायला हवेत. प्रत्यक्षात ते पंधराच्या आसपास जातात. म्हणजे पाकीटभर सिगारेटींनी जेवढा धोका वाढतो, त्याचा जवळपास निम्मा वाटा एकट्या सिगारेटीतच येतो.

याचं कारण रक्तात आहे. धुरामुळे रक्तातल्या प्लेटलेट्स चिकट होतात, गुठळी धरायला तयार होतात. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर गरजेप्रमाणे सैल व्हायचं थांबतं. हे बदल घडायला फार धूर लागत नाही. थोड्या धुरातच ते बरेचसे होऊन जातात आणि पुढच्या सिगारेटी त्यात तुलनेने कमी भर घालतात. म्हणूनच घरात दुसऱ्याचा धूर झेलणाऱ्या बाईच्या हृदयालाही त्रास होतो.

हे आकडे रोज एक ओढणाऱ्यांचे आहेत, आठवड्याला चार ओढणाऱ्यांचे नव्हेत, हे खरं. पण अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, आयुष्यभर सरासरी दिवसाला एकाहून कमी सिगारेट ओढलेल्यांमध्येही मृत्यूचा धोका कधीच न ओढणाऱ्यांपेक्षा ६४ टक्क्यांनी जास्त आढळला. अशी माणसं त्या पाहणीत दीडेकशेच होती, त्यामुळे नेमक्या टक्केवारीवर फार विसंबू नये. दिशा मात्र स्पष्ट आहे. त्यांची संख्या इतकी कमी का, हाही विचार करण्यासारखा प्रश्न आहे. आयुष्यभर ‘कधीतरी’वरच थांबणारी माणसं फार थोडी सापडतात.

निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं. मेंदूत त्याला धरणारी जी ग्राहकं असतात, त्यांतली निम्मी एक-दोन झुरक्यांतच व्यापली जातात, हे मेंदूच्या स्कॅनवर दिसलं आहे. त्या क्षणी आसपास जे असतं, ते मेंदू त्या सुखाशी जोडून टाकतो : कटिंगचा वास, मित्राचा आवाज, बिअरचा पहिला घोट.

आता हिंजवडीतल्या एखाद्या नोकरदार तरुणाचा विचार करा. शुक्रवारी मित्रांबरोबर दोन ओढतो. मग मंगळवारी क्लायंटशी वाजतं, एक सहकारी खाली चहाला चलतो का म्हणून विचारतो, तिथे एक होते. पुढे वाजलं की खाली जायचं हे ठरूनच जातं. मित्राची बदली झाली तरी टपरी तिथेच असते. संख्या अजून आठवड्याला सहाच असते, पण आधी निमित्त आलं की सिगारेट व्हायची, आता सिगारेटसाठी निमित्त शोधलं जातं. माझ्या मते धोक्याची खूण सिगारेटींच्या संख्येपेक्षा इथे आहे. एकट्याने ओढणं, सोबतीला कुणी खाली आलं नाही की चिडचिड होणं, ‘उगाच सारखं मागायला नको’ म्हणून पाकीट विकत घेणं, ही तिची पुढची पावलं. रोजची सवय नसतानाही व्यसनाची पहिली लक्षणं दिसू शकतात, विशेषतः किशोरवयात. महाराष्ट्रात सुट्ट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवर २०२० मध्ये बंदी आली, त्यामागेही कोवळ्या मुलांना ती एकेक करून परवडू नये हाच विचार होता.

अशा माणसाला सोडताना सहसा शरीराशी फार झगडावं लागत नाही. झगडा प्रसंगांशी असतो. पहिले काही आठवडे चहा टपरीऐवजी कॅन्टीनमध्ये घ्यावा, दारूच्या बैठका टाळाव्यात, मित्रांना ‘मला देऊ नका’ असं आधीच सांगून ठेवावं. तलफ आली तरी ती बहुधा काही मिनिटांत ओसरते. मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ ही सरकारी हेल्पलाइन आहे.

आणि डॉक्टरांनी ‘सिगारेट ओढता का?’ असं विचारलं, तर ‘नाही’ म्हणू नका. ‘आठवड्याला चार’ असंच सांगा. पस्तिशी ओलांडलेली स्त्री गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल, तर या एका उत्तरावरून डॉक्टर गोळी बदलू शकतात, कारण नेहमीच्या इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या आणि धूर एकत्र आले की गुठळीचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो.