वेतनावरील कराचे वार्षिक प्रमाणपत्र : ‘फॉर्म १६’चे वाचन

प्रस्तावना

वित्तीय वर्ष संपल्यानंतर जून महिन्याच्या मध्यापर्यंत महाविद्यालयाच्या लेखा विभागाकडून प्रत्येक करपात्र अध्यापकाच्या हाती ‘फॉर्म १६’ येतो. बहुतेक वेळा त्यातील शेवटची रक्कम पाहिली जाते आणि कागद करसल्लागाराकडे रवाना होतो. वस्तुतः हे प्रमाणपत्र म्हणजे वजाबाकीचे एक सलग उदाहरण आहे. त्यातील पायऱ्यांचा क्रम ठरलेला असतो आणि कोणती रक्कम कोणत्या पायरीवर वजा होते, यालाही अर्थ असतो. हा क्रम लक्षात आला की कपात झालेला कर योग्य आहे किंवा नाही, हे अध्यापकास स्वतःच पडताळता येते.

प्रस्तुत लेखात पनवेल येथे भाड्याच्या घरात राहणाऱ्या व विनाअनुदानित महाविद्यालयात काम करणाऱ्या एका कल्पित प्राध्यापिकेचे उदाहरण घेतले आहे. आकडे वित्तीय वर्ष २०२४-२५ चे, म्हणजे करनिर्धारण वर्ष २०२५-२६ चे आहेत. कलमांचे क्रमांक आयकर अधिनियम, १९६१ मधील आहेत. दि. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ अमलात आल्यामुळे त्यानंतरच्या उत्पन्नासाठी कलमांचे क्रमांक बदलले आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

प्रमाणपत्राचे दोन भाग

फॉर्म १६ चे ‘भाग अ’ आणि ‘भाग ब’ असे दोन भाग असतात. भाग अ मध्ये मालकाचा टॅन, कर्मचाऱ्याचा पॅन आणि प्रत्येक तिमाहीत दिलेले वेतन, कापलेला कर व शासनाकडे जमा केलेला कर यांची नोंद असते. थोडक्यात, हा कराची पावती असलेला भाग होय. तो कर कसा काढला, याचे गणित भाग ब मध्ये असते.

भाग ब च्या आरंभीच एक प्रश्न असतो. कलम ११५ बीएसी मधील करपद्धतीतून बाहेर पडण्याचा पर्याय स्वीकारला आहे काय, असा त्याचा आशय आहे. कलम ११५ बीएसी म्हणजे कमी दर व मोजक्याच वजावटी असलेली नवी करपद्धती. वित्तीय वर्ष २०२३-२४ पासून हीच पद्धती मूळ मानली गेली. त्यामुळे या प्रश्नापुढे ‘नाही’ असे असेल तर कर नव्या पद्धतीने कापला आहे आणि ‘होय’ असेल तर जुन्या पद्धतीने, असा अर्थ होतो. प्रश्नाची रचना उलटी असल्याने वाचताना येथेच गफलत होते. पुढील निम्म्या रकाने शून्य का आहेत, याचे उत्तर याच एका शब्दात असते.

सकल वेतन

पहिली पायरी सकल वेतनाची आहे. तिचे तीन घटक आहेत. कलम १७(१) खाली मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, वाहतूक भत्ता इत्यादी रोख रकमा येतात. कलम १७(२) खाली सवलतीचे निवासस्थान यांसारख्या वस्तुरूप लाभांचे मूल्य येते आणि कलम १७(३) खाली वेतनाऐवजी मिळालेल्या काही रकमा येतात. सामान्य अध्यापकाच्या बाबतीत शेवटचे दोन रकाने सहसा रिकामे असतात.

आपल्या उदाहरणातील प्राध्यापिकेचे मूळ वेतन दरमहा ५५,०००, महागाई भत्ता २५,०००, घरभाडे भत्ता १६,००० आणि वाहतूक भत्ता २,००० रुपये आहे. दरमहा ९८,००० रुपयांप्रमाणे वर्षाचे सकल वेतन ११,७६,००० रुपये होते. बँकेत जमा होणारी रक्कम याहून कमी असते, कारण भविष्य निर्वाह निधीची स्वतःची वर्गणी, व्यवसाय कर व आयकर वजा करून वेतन जमा होते. म्हणून बँकेच्या पासबुकाशी नव्हे, तर बारा वेतनपावत्यांवरील एकूण वेतनाच्या बेरजेशी हा आकडा ताडून पाहावा.

घरभाडे भत्त्याची सूट

दुसऱ्या पायरीवर कलम १० खालील सूट वजा होते. ‘सूट’ व ‘वजावट’ यांत फरक आहे. सूट म्हणजे ती रक्कम करपात्र वेतनात धरलीच जात नाही. वजावट मात्र वेतनात धरलेल्या रकमेतून पुढे कमी केली जाते. घरभाडे भत्ता संपूर्ण करमुक्त असतो, हा समज चुकीचा आहे. जुन्या पद्धतीत पुढील तीन रकमांपैकी सर्वांत लहान रक्कमच करमुक्त होते : प्रत्यक्ष मिळालेला भत्ता, दिलेल्या भाड्यातून वेतनाचे १० टक्के वजा जाता उरलेली रक्कम, आणि वेतनाचे ४० टक्के. यातील ४० टक्क्यांऐवजी ५० टक्क्यांची मर्यादा त्या वर्षी केवळ मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई या चार शहरांतील घरांना होती. येथे ‘वेतन’ म्हणजे मूळ वेतन आणि निवृत्तीच्या लाभांसाठी गणला जाणारा महागाई भत्ता.

पनवेल मुंबईस लागून असले तरी या नियमापुरते ते मुंबई नव्हे. त्यामुळे येथे ४० टक्केच लागू होतात. तथापि या मुद्द्यावरून होणारी चर्चा बहुधा निष्फळ असते. आपल्या प्राध्यापिकेचे या अर्थाचे वेतन वर्षास ९,६०,००० रुपये आहे. त्याचे ४० टक्के ३,८४,००० रुपये होतात, तर मिळालेला भत्ताच मुळी १,९२,००० रुपये आहे. ती दरमहा १८,००० म्हणजे वर्षास २,१६,००० रुपये भाडे देते. त्यातून वेतनाचे १० टक्के, म्हणजे ९६,००० रुपये वजा केल्यास १,२०,००० रुपये उरतात. तीनही रकमांत ही सर्वांत लहान असल्याने तेवढीच सूट मिळेल आणि भत्त्यापैकी ७२,००० रुपये करपात्र राहतील. घर मुंबईत असते तरी उत्तर हेच आले असते. भत्ता वेतनाच्या ४० टक्क्यांहून अधिक असल्याशिवाय तिसरी मर्यादा आड येत नाही आणि महाविद्यालयीन वेतनात तसे सहसा घडत नाही. खरी मर्यादा दुसरीच असते.

ही सूट मिळण्यासाठी फॉर्म १२ बीबी मध्ये घरमालकाचे नाव, पत्ता व भाड्याची रक्कम द्यावी लागते. वर्षाचे भाडे एक लाख रुपयांहून अधिक असल्यास घरमालकाचा पॅनही आवश्यक असतो.

वेतनातील वजावटी व प्रकरण सहा-अ

तिसऱ्या पायरीवर कलम १६ खालील वजावटी येतात. प्रमाणित वजावट त्या वर्षी जुन्या पद्धतीत ५०,००० व नव्या पद्धतीत ७५,००० रुपये होती. तिच्यासाठी कोणताही पुरावा लागत नाही. महाराष्ट्रात वर्षास भरला जाणारा २,५०० रुपये व्यवसाय कर केवळ जुन्या पद्धतीत वजा होतो.

त्यानंतर प्रकरण सहा-अ मधील वजावटी येतात. आपल्या प्राध्यापिकेची भविष्य निर्वाह निधीची वर्गणी १२ टक्क्यांप्रमाणे १,१५,२०० रुपये व आयुर्विम्याचा हप्ता ४०,००० रुपये आहे. दोन्हींची बेरीज १,५५,२०० होते. परंतु कलम ८० सी ची मर्यादा १,५०,००० रुपये आहे. फॉर्ममध्ये ‘सकल रक्कम’ व ‘वजावटीस पात्र रक्कम’ असे दोन वेगळे रकाने असतात, ते याच कारणासाठी. पहिल्या रकान्यातील आकडा दुसऱ्यात घटलेला दिसला तर ती लेखनिकाची चूक नसते. आरोग्य विम्याचे २०,००० रुपये कलम ८० डी खाली मिळतात.

दोन पद्धतींची तुलना

जुन्या पद्धतीने ११,७६,००० मधून १,२०,००० सूट, ५२,५०० रुपये कलम १६ च्या व १,७०,००० रुपये प्रकरण सहा-अ च्या वजावटी गेल्यास करपात्र उत्पन्न ८,३३,५०० रुपये उरते. त्यावर कर ७९,२०० आणि चार टक्के उपकर मिळून सुमारे ८२,३७० रुपये होतात.

नव्या पद्धतीत केवळ ७५,००० रुपये वजा होऊन करपात्र उत्पन्न ११,०१,००० रुपये होते. त्यावर कर ६५,१५० आणि उपकर मिळून सुमारे ६७,७६० रुपये होतात. म्हणजे घरभाड्याची सूट व विम्याची वजावट यांचे रकाने शून्य असूनही प्राध्यापिकेचा कर १४,६१० रुपयांनी कमी आहे. ‘माझे घरभाडे धरलेच नाही’ अशी तक्रार घेऊन कार्यालयात जाण्यापूर्वी ही तुलना करणे इष्ट ठरते. या उदाहरणात आणखी ७०,२५० रुपयांहून अधिक वजावटी असत्या, तरच जुनी पद्धत लाभदायक ठरली असती.

तसे असेल आणि महाविद्यालयाने नव्या पद्धतीने कर कापला असेल, तरी हक्क बुडत नाही. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या पगारदारास विवरणपत्र भरताना जुनी पद्धत निवडता येते व जास्तीचा कर परत मागता येतो. अट एवढीच की विवरणपत्र मूळ मुदतीत दाखल झाले पाहिजे. मुदत टळल्यास त्या वर्षापुरती नवी पद्धतच उरते.

वित्तीय वर्ष २०२५-२६ मध्ये नव्या पद्धतीचे टप्पे बदलले व १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कलम ८७ ए ची पूर्ण करसवलत मिळाली. त्यामुळे हेच वेतन त्या वर्षी असते तर नव्या पद्धतीत कर शून्य झाला असता. म्हणून मागील वर्षीचा निर्णय पुढील वर्षी तसाच लागू करू नये. प्रत्येक वर्षी तुलना नव्याने करावी.

दोन पडताळण्या

पहिली पडताळणी भाग अ ची. त्यातील ‘कापलेला कर’ व ‘जमा केलेला कर’ हे दोन आकडे समान असावेत आणि तेच आयकर विभागाच्या संकेतस्थळावरील फॉर्म २६ एएस मध्ये दिसावेत. तेथे एखादी तिमाही आढळली नाही, तर कर भरला गेलेला नाही किंवा पॅन चुकीचा नोंदवला गेला आहे, असे समजावे. अशा वेळी मालकाकडून तिमाही विवरणाची दुरुस्ती करून घ्यावी लागते. वेतनातून कापला गेलेला कर कर्मचाऱ्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही, असे कलम २०५ सांगते. म्हणून कर कापल्याचा पुरावा असलेल्या वेतनपावत्या जपून ठेवाव्यात.

दुसरी पडताळणी वर्षाच्या मध्यावर महाविद्यालय बदललेल्या अध्यापकांसाठी आहे. भाग ब मध्ये पूर्वीच्या मालकाकडून मिळालेल्या वेतनाचा स्वतंत्र रकाना असतो. नव्या महाविद्यालयास फॉर्म १२ बी मध्ये ती माहिती दिली नाही, तर तो रकाना शून्य राहतो. परिणामी दोन्ही ठिकाणी प्रमाणित वजावट व करमुक्त टप्पा यांचा लाभ दोनदा दिला जातो आणि कर कमी कापला जातो. दोन्ही फॉर्म स्वतंत्रपणे अचूक दिसतात. पण त्यांची बेरीज करताच विवरणपत्राच्या वेळी मोठी थकबाकी व तिच्यावरील व्याज उभे राहते.

समारोप

फॉर्म १६ चे वाचन वरून खाली करावे. प्रथम करपद्धतीचा रकाना, नंतर वेतनपावत्यांशी जुळणारे सकल वेतन, मग सूट, वजावटी, कर आणि शेवटी भाग अ मधील जमा रक्कम, हा क्रम पाळल्यास एखादा आकडा कोठे चुकला हे नेमके दाखवता येते. मालकाने केलेले गणित हे त्याच्याजवळ असलेल्या माहितीवर आधारलेले असते. अंतिम करनिश्चिती विवरणपत्रावरून होते आणि त्याची जबाबदारी स्वाक्षरी करणाऱ्या अध्यापकाचीच असते.