सतत वाहणारं नाक: सर्दी की ॲलर्जी?

“जूनमध्ये शाळा सुरू झाल्यापासून हिची सर्दी हटलेलीच नाही.” पावसाळ्यात बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात हे वाक्य रोज ऐकू येतं. तोवर घरात दही, केळं, गार पाणी बंद झालेलं असतं आणि अँटिबायोटिकची एखादी बाटलीही संपलेली असते. नाक मात्र वाहतंच.

अशा मुलाला ॲलर्जी आहे, असं लगेच ठरवणं बरोबर नाही. लहान मुलांना वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणं अगदी सामान्य आहे, आणि पाळणाघरात किंवा बालवाडीत जाणाऱ्यांना त्याहूनही जास्त वेळा होते. एकेक सर्दी आठ-दहा दिवस चालते. पावसाळ्यात एक संपते न संपते तोच दुसरी लागली, तर आईवडिलांना ती दोन-अडीच महिन्यांची एकच सर्दी वाटणार. म्हणून सर्दी किती दिवस आहे, यापेक्षा त्या दिवसांत ती कशी बदलत गेली, हे पाहायला हवं.

विषाणूमुळे होणाऱ्या सर्दीला सुरुवात, भर आणि शेवट असतो. आधी घसा खवखवतो, अंग कणकणतं, लहान मुलाला एक-दोन दिवस ताप येतो. नाकातून पाणी येतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी तेच घट्ट, पिवळट किंवा हिरवट होतं आणि मग हळूहळू ओसरतं. खोकला आणखी काही दिवस रेंगाळतो. शेंबूड पिवळा झाला म्हणजे अँटिबायोटिक हवं, हा समज आपल्याकडे फार घट्ट बसला आहे. विषाणूशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींमुळे तो रंग येतो. साध्या सर्दीतही तो येतोच, आणि विषाणूवर अँटिबायोटिकचा काहीही उपयोग होत नाही.

ॲलर्जीच्या सर्दीला असा चढउतार नसतो. धुळीतला एखादा कण नाकाच्या अस्तराला लागला, की काही मिनिटांत तिथल्या पेशी हिस्टामिन सोडतात. लागोपाठ शिंका येतात, पाण्यासारखा पातळ स्राव वाहतो आणि थोड्या वेळानं अस्तर सुजून नाक चोंदतं. ताप नसतो, अंग दुखत नाही. पण खाज असते, आणि घरच्या घरी ओळखण्यासाठी माझ्या मते याहून चांगली खूण नाही. मूल तळहातानं नाक खालून वर चोळत राहतं. काही महिने हे चाललं, तर नाकाच्या शेंड्याच्या जरा वर एक आडवी रेघ उमटते. डोळे चोळले जातात, त्यांच्याखाली काळसर छाया दिसते. काही मुलं टाळूची खाज शमवायला जीभ टाळूवर घासून ‘टक-टक’ आवाज काढतात. त्याला वाईट सवय समजून रागावू नका.

खरी पंचाईत अशी, की ॲलर्जी असलेल्या मुलालाही सर्दी होतेच. मग दोन्हींची लक्षणं एकमेकांत मिसळतात आणि दवाखान्यातल्या दहा मिनिटांत त्यांची गाठ सुटत नाही. ती सुटते एका साध्या वहीत. रोज रात्री चार गोष्टी लिहा: सकाळी शिंका आल्या का, खाज होती का, स्राव कसा होता, ताप आला का. घरात आणखी कुणी आजारी असेल किंवा मूल दुसरीकडे झोपलं असेल, तर तेही टिपून ठेवा. असं चार आठवडे करा.

समजा, सात वर्षांच्या एका मुलीची ऑगस्टमधली वही आपल्यासमोर आहे. पहिल्या दोन आठवड्यांत जवळजवळ रोज सकाळी अंथरुणातून उठताच आठ-दहा शिंका, पाण्यासारखं नाक, खाज. शाळेत जाईपर्यंत सगळं थांबतं, दिवसभर ती मजेत असते. ताप नाही. तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी घसा दुखला, रात्री ताप आला, जेवण गेलं, शुक्रवारी शेंबूड पिवळा झाला. दोन दिवसांनी धाकट्या भावालाही तेच झालं. चौथ्या आठवड्यात ताप नाही, पिवळेपणा गेला. सकाळच्या शिंका मात्र तशाच. मधल्या एका शनिवार-रविवारी ती आजीकडे राहिली होती, तेव्हा शिंका कमी होत्या.

या वहीत दोन आजार आहेत. तिसऱ्या आठवड्यातली सर्दी होती: भावाला लागली आणि आपोआप बरी झाली. सकाळच्या शिंका त्याआधीही होत्या, नंतरही राहिल्या. ती ॲलर्जी असण्याची शक्यता मोठी. आठवड्यातून चारपेक्षा जास्त दिवस आणि सलग चार आठवड्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या ॲलर्जीला डॉक्टर ‘सातत्यानं राहणारी’ म्हणतात आणि त्यानुसार उपचार ठरवतात. आईवडिलांपैकी कुणाला दमा किंवा ॲलर्जी असेल, किंवा मुलीला लहानपणी इसब झाला असेल, तर संशय आणखी पक्का होतो. दोन वर्षांखालच्या बाळाला मात्र अशी ॲलर्जी कमी आढळते. तिथे आधी दुसरी कारणं शोधावीत.

सकाळीच शिंका का? कारण बहुधा गादीत असतं. माइट नावाचे, डोळ्यांना न दिसणारे किडे गादी-उशीत राहतात आणि आपल्या त्वचेच्या गळलेल्या कणांवर जगतात. लागणारं पाणी ते हवेतल्या दमटपणातून घेतात, म्हणून पावसाळा त्यांना मानवतो. त्यांच्या विष्ठेचे कण रात्रभर मुलाच्या नाकाशी असतात. आजीकडे शिंका कमी झाल्या, त्याचा अर्थ इथे लागू शकतो. गादी-उशीला माइट रोखणाऱ्या चेनच्या खोळी घालाव्यात, चादरी-अभ्रे दर आठवड्याला 60 अंशांच्या गरम पाण्यात धुवावेत आणि खोली ओल्या फडक्यानं पुसावी. भिंतीवरची ओल, झुरळं आणि अगरबत्तीचा धूर यांकडेही पाहायला हवं.

औषधांत डॉक्टर सहसा झोप न आणणारं अँटिहिस्टामिन किंवा नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे देतात. स्प्रेचा पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात, तोही रोज मारला तरच. पुष्कळ पालक तिसऱ्याच दिवशी “काही फरक नाही” म्हणून तो बंद करतात. स्प्रेचं टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे न धरता बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेनं धरावं; नाहीतर नाकातून रक्त येऊ शकतं. नाक झटपट मोकळं करणारे थेंब स्वतःहून आणून मुलाच्या नाकात घालू नका. मोठ्यांमध्येही ते सलग काही दिवस वापरले, तर सोडताच नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदतं.

वहीत काही वेगळंच दिसलं, तर वाट पाहू नका. एकाच नाकपुडीतून घाण वास येणारा स्राव येत असेल, तर लहान मुलानं आत मणी, शेंगदाणा असं काही घातलेलं असू शकतं. बटणासारखी छोटी बॅटरी घातल्याची शंका आली, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. खाज नाही, पण मूल रोज घोरतं आणि तोंड उघडं ठेवून झोपतं, तर नाकामागच्या ॲडिनॉइड ग्रंथी तपासाव्या लागतात. दहा दिवसांनंतरही जराही उतार नाही, किंवा बरं वाटता वाटता पुन्हा ताप चढला, तर सायनसचा संसर्ग असू शकतो. रात्री खोकला आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर दम्याची तपासणी करून घ्या.

डॉक्टरांकडे जाताना ती वही आणि सकाळच्या शिंकांचा मोबाइलवरचा छोटा व्हिडिओ सोबत न्या. त्वचेवरची ॲलर्जी चाचणी ठरली असेल, तर अँटिहिस्टामिन किती दिवस आधी बंद करायचं तेही तिथेच विचारा, कारण ते चालू असेल तर चाचणीचा निकाल चुकीचा येतो.