बैठकीचा सारांश: वेचलेला की नव्याने लिहिलेला?

सोसायटीच्या कमिटीतलं हे बोलणं पाहा.

सचिव: गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं कोटेशन आलंय, साडेतीन लाख.
खजिनदार: फार होतात. तीनपर्यंत आणलं तर बघू.
सदस्य: पण पावसाआधी व्हायला पाहिजे हं.
सचिव: मग बोलतो मी त्याच्याशी.
खजिनदार: आणि आणखी एक कोटेशन मागवा.
सचिव: बरं.

याचा सारांश दोन तऱ्हांनी करता येतो. एक्स्ट्रॅक्टिव्ह सारांशात बोललेली महत्त्वाची वाक्यं जशीच्या तशी वेचायची. ॲबस्ट्रॅक्टिव्ह सारांशात सगळं समजून घेऊन स्वतःच्या शब्दांत नव्याने लिहायचं.

छापील लेखातून वाक्यं वेचणं त्या मानाने सोपं, कारण तिथलं वाक्य बहुतेक वेळा स्वतःच्या पायावर उभं असतं. बोलण्यात तसं नसतं. वरच्या संवादात दुसरं कोटेशन मागवायचं कोणी, याचं उत्तर त्या ‘बरं’मध्ये आहे, आणि नेमका तोच शब्द वेचणाऱ्याच्या हातून सुटतो. ‘त्याच्याशी’ म्हणजे कंत्राटदाराशी, हेही आधीचं वाक्य गाळलं की कळत नाही. शिवाय शब्द खरे असूनही अर्थ बिघडू शकतो: सचिवांचं पहिलं वाक्य आणि पावसाआधीची घाई एवढंच उचललं, तर साडेतीन लाख जणू मान्यच झाले!

नव्याने लिहिलेला सारांश असा होईल: ‘दर तीन लाखांपर्यंत आणण्याबाबत सचिव कंत्राटदाराशी बोलतील व दुसरे कोटेशन मागवतील. काम पावसाळ्यापूर्वी व्हावे, असे एका सदस्याने सांगितले.’ गैरहजर माणसालाही हे पुरतं. पण इथला धोका जास्त लबाड आहे. ‘तीन लाखांत काम देण्याचे ठरले’ असं लिहिलं गेलं, तरी वाक्य तितकंच सफाईदार दिसतं. ‘आणलं तर बघू’मधली अट मात्र गळून पडलेली असते. वेचलेल्या सारांशातली उणीव निदान तुटकपणामुळे जाणवते. ही जाणवत नाही.

म्हणून जबाब, तक्रार किंवा रुग्णाने सांगितलेली लक्षणं, जिथे कोण नेमकं काय म्हणालं याला किंमत आहे, तिथे वेचलेली वाक्यंच हवीत. बैठकीचं इतिवृत्त नव्याने लिहिलेलंच बरं. दोन्हींची सांगडही घालता येते. युरोपातल्या ‘ॲमी’ या संशोधन प्रकल्पात सुमारे 100 तासांच्या बैठका रेकॉर्ड केल्या होत्या. त्यांतल्या बऱ्याचशा बैठकांत चौघेजण टीव्हीचा रिमोट कसा असावा, यावर चर्चा करतात. त्यांचे सारांश माणसांनी स्वतःच्या शब्दांत लिहिले आणि त्यांतली वाक्यं मूळ संभाषणातल्या कोणत्या उद्गारांवर आधारलेली आहेत, याच्या खुणाही करून ठेवल्या. इतिवृत्तात प्रत्येक ठरावापुढे रेकॉर्डिंगमधली वेळ टाकली, तरी हेच साधतं.

पुढच्या वेळी आयतं इतिवृत्त समोर आलं, तर रक्कम, नाव, नकार आणि अट एवढ्या चार गोष्टी रेकॉर्डिंगशी ताडून पाहा आणि मगच सही करा.